विषयाच्या ओळीतच तुमचं काम दिसू द्या

*ताई, मी डोंबिवलीत राहते आणि भिवंडीतल्या एका कापड व्यापाऱ्याच्या ऑफिसात चार वर्षं अकाउंट्स सांभाळते. टॅली, जीएसटी, टीडीएस सगळं करते. दोन महिन्यांत चाळीस-एक ठिकाणी रिझ्युमे मेल केला. फोन एकच आला, तोही विमा पॉलिसी विकण्याच्या कामासाठी. मेलमध्ये नक्की काय लिहायचं तेच कळत नाही. मैत्रिणीने दिलेलं एक पत्र आहे, तेच कंपनीचं नाव बदलून पाठवते. आता विक्रोळीच्या एका कंपनीत जागा निघाली आहे आणि ती मला खरंच हवी आहे. पाठवलेला एक मेल, रिझ्युमे आणि ती जाहिरात सोबत जोडली आहे. बघून सांगाल का?*

*— एक वाचक, डोंबिवली*

तुमचा रिझ्युमे मी आधी वाचला आणि मेल नंतर. रिक्रूटरचं नेमकं उलट होतं. तिला आधी मेल दिसतो, त्यातही आधी फक्त विषयाची ओळ, आणि ती ओळ वाचून मेल उघडायचा की नाही हे ती ठरवते. रिझ्युमे चांगला आहे. तो उघडलाच जात नाहीये, असं मला वाटतं, आणि त्याचं कारण तुमच्या मेलच्या पहिल्या दोन ओळींत आहे.

मी बरीच वर्षं मुंबईत भरतीचं काम केलं. सकाळी ठाण्याहून दादरला जाताना गाडीत एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने फोनवर मेल बघायची सवय होती, आणि या कामातल्या बहुतेकांची असते. फोनच्या पडद्यावर एका मेलच्या वाट्याला तीन गोष्टी येतात: पाठवणाऱ्याचं नाव, विषयाची पहिली तीस-चाळीस अक्षरं, आणि खाली फिक्या रंगात मेलच्या सुरुवातीचे काही शब्द. तुमचा मेल त्या पडद्यावर कसा दिसला असेल ते मी माझ्या फोनवर उघडून पाहिलं. विषयात होतं `Application for the post`, आणि खाली `Respected Sir/Madam, With due respect I`. बस्स, तिथे ओळ संपली. कुठली पोस्ट, काय काम येतं, यातलं काहीच दिसलं नाही. त्याच सकाळी तशाच विषयाचे आणखी वीस मेल आलेले असतात. गाडी दादरला पोचते आणि तुमचा मेल खाली सरकतो.

विषयाच्या ओळीचं दुसरं एक काम आहे, ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ती पुन्हा शोधण्यासाठीही लागते. मुलुंडच्या एका कारखान्यासाठी मी स्टोअर्सचा माणूस शोधत होते तेव्हाची गोष्ट सांगते. एका मुलाचा रिझ्युमे मी मोबाइलवर उघडून वाचला होता आणि तो आवडलाही होता. चार दिवसांनी तिथल्या मॅनेजरने विचारलं, तेव्हा मला त्याचं नाव आठवेना. त्याने विषयात फक्त `Resume` लिहिलं होतं आणि फाइलचं नावही तेच होतं. तो शब्द शोधला की शेकडो मेल समोर येत. अर्धा दिवस शोधलं आणि शेवटी ज्याच्या विषयात `Store Executive, Mulund` असं स्पष्ट होतं त्याला बोलावलं. तो मुलगा कदाचित त्या कामाला जास्त योग्य होता. त्याला कधी कळलंही नसेल की आपला मेल वाचला गेला होता. मला ते अजून लागून राहिलं आहे, म्हणून या एका ओळीबद्दल मी इतकं सांगते.

आता तुमची विक्रोळीची जाहिरात घेऊ. त्यात पद लिहिलं आहे अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह, कोड एई-११७, अनुभव तीन ते पाच वर्षं, टॅली आणि जीएसटी रिकन्सिलिएशन, म्हणजे बिलांची जुळवणी, यायला हवं, आणि मेलमध्ये नोटीस पिरियड कळवा. मी तुमच्या जागी असते तर विषय असा लिहिला असता:

```
Accounts Executive AE-117 | 4 yrs GST, Tally | 30 days notice
```

यातला प्रत्येक तुकडा का आहे ते सांगते. पदाचं नाव जाहिरातीत जसं आहे अगदी तसंच, सुरुवातीलाच. तुम्हाला `Accountant` हा शब्द जवळचा वाटत असेल, पण रिक्रूटर स्वतःच्या शब्दाने शोधणार, तुमच्या नाही. त्याला लागून कोड, कारण एकाच माणसाकडे एका वेळी आठ-दहा पदं असतात आणि काही ठिकाणी कोड पाहूनच मेल वेगवेगळ्या फोल्डरमध्ये टाकले जातात. पद आणि कोड मिळून पंचवीस अक्षरं होतात, म्हणजे फोनवर ओळ कापली गेली तरी एवढं नक्की दिसतं. कापली जाण्याजोगी गोष्ट नेहमी शेवटी ठेवायची. नोटीसचे तीस दिवस कापले गेले तरी चालेल, कारण मेलमध्ये ते पुन्हा येणारच आहेत.

तुमचं नाव मी विषयात घातलेलं नाही. ते डावीकडे पाठवणाऱ्याच्या जागी दिसतंच. पण तिथे काय दिसतं ते आधी तपासा. तुमचा मेल माझ्याकडे आला तेव्हा तिथे फक्त लाडाचं नाव होतं, आडनाव नाही, आणि रिझ्युमेवर पूर्ण नाव आहे. जीमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन नाव आणि आडनाव लिहा, रिझ्युमेवर आहे तसंच. लग्नानंतर आडनाव बदललं असेल आणि कागदपत्रं जुन्या नावाची असतील, तर मेल आणि रिझ्युमे दोन्हीकडे एकच नाव ठेवा, नाहीतर शोधताना दोन वेगळ्या बायका वाटतात.

जाहिरातीत कोड नसेल तर त्या जागी ठिकाण टाका, `Accounts Executive, Vikhroli` असं. आणि जाहिरातीत विषय कसा लिहायचा हे सांगितलं असेल, तर माझं सगळं बाजूला ठेवा आणि त्यांनी सांगितलंय तसंच अक्षरशः लिहा. सांगितलेली एक ओळ नीट पाळली की नाही, हे तिथे सगळ्यात आधी पाहिलं जातं, आणि अकाउंट्सच्या माणसाकडून तर ते पाहिलं जातंच.

विषय झाला. आता मेल. तुमचा मेल मी मोजला, जवळजवळ तीनशे शब्दांचा आहे. त्यात तुम्ही मेहनती आहात, प्रामाणिक आहात, लवकर शिकता, कंपनीच्या प्रगतीला हातभार लावाल असं लिहिलं आहे. हे सगळं खरं असेल. पण मैत्रिणीच्या मेलमध्येही तेच आहे आणि तिच्याही मैत्रिणीच्या, त्यामुळे वाचणाऱ्याला त्यातून तुमच्याबद्दल काही कळत नाही. तुमच्या रिझ्युमेच्या दुसऱ्या पानावर अगदी तळाशी मात्र एक ओळ आहे, तिच्यावर मी थांबले. दर महिन्याला साधारण ३५० खरेदी बिलं तुम्ही जीएसटीआर-२बीशी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांच्या जीएसटी पोर्टलवरच्या यादीशी, जुळवता. अहो, हीच तर जाहिरातीत मागितलेली गोष्ट आहे! पुरवठादाराने त्याचं बिल रिटर्नमध्ये दाखवलं नाही, तर ते आपल्या २बीमध्ये येत नाही आणि त्यावरचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, अडकतं. दर महिन्याच्या चौदा तारखेला २बी तयार होतं आणि वीस तारखेपर्यंत ३बी हे महिन्याचं जीएसटी रिटर्न भरायचं असतं, म्हणजे फरक शोधायला आणि पुरवठादारांना फोन करायला हातात पाच-सहा दिवस. हे काम एकटीने चार वर्षं सांभाळणारी माणसं कंपन्यांना हवीच असतात. आणि ते तुम्ही दुसऱ्या पानाच्या तळाशी ठेवलंय.

म्हणून मेलमध्ये एकच पुरावा द्या, आणि तो जाहिरातीतल्या मागणीला थेट उत्तर देणारा असू द्या. जाहिरात समोर ठेवून त्यातल्या सगळ्यात नेमक्या मागणीखाली पेनने रेघ मारा. टॅली तर शंभर जणांना येतं, तिथे रेघ मारू नका. रिकन्सिलिएशन या शब्दाखाली मारा. मग स्वतःच्या कामातली एक गोष्ट शोधा जी त्या शब्दाखाली बसते, आणि ती आकड्यासह लिहा. आकडा फुगवायचा नाही. ३५० असतील तर ३५०च लिहा, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच आकड्यावर येईल, आणि खरा आकडा असेल तर तुम्ही त्यावर दहा मिनिटं सहज बोलू शकाल.

मेल इंग्रजीत जाणार हे उघड आहे. पण आधी तो मराठीत लिहा. मराठीत लिहिलं की मोठाली उसनी वाक्यं आपोआप गळून पडतात, कारण तसं आपण बोलतच नाही. मी तुमच्यासाठी लिहिलेला हा पाहा:

> नमस्कार,
>
> विक्रोळी ऑफिसच्या अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह, कोड एई-११७, या जागेसाठी अर्ज करते आहे.
>
> भिवंडीच्या एका कापड व्यापार कंपनीत चार वर्षं मी टॅलीवर हिशेब, मासिक जीएसटी रिटर्न आणि तिमाही टीडीएस रिटर्न ही कामं करते. दर महिन्याला सुमारे ३५० खरेदी बिलं जीएसटीआर-२बीशी जुळवून, ३बी भरण्याआधी फरकाची यादी करते आणि पुरवठादारांकडून दुरुस्ती करून घेते.
>
> माझी नोटीस ३० दिवसांची आहे. मी डोंबिवलीत राहते, विक्रोळीला रोज येऊ शकते.
>
> दोन पानांचा रिझ्युमे पीडीएफमध्ये जोडला आहे. फोनसाठी सकाळी १०च्या आधी किंवा संध्याकाळी ७नंतरची वेळ सोयीची.
>
> पूर्ण नाव
> मोबाइल नंबर

ऐंशी-नव्वद शब्दांत झालं. फोनवर न सरकवता जवळजवळ पूर्ण दिसतं. इंग्रजीत करताना एका मराठी वाक्याचं एकच साधं वाक्य करा, आणि पहिलं वाक्य असं ठेवा:

```
I am applying for Accounts Executive (AE-117), Vikhroli.
```

पडद्यावर विषयाच्या खाली जे फिके शब्द दिसतात ते हेच, म्हणून `With due respect` ला इथे जागा नाही. आदर तुमच्या मनात आहे, तो नीट नमस्कार करून पोचतो. जाहिरातीत रिक्रूटरचं नाव दिलं असेल तर ते घालून नमस्कार करा. नसेल तर `Dear Hiring Team` पुरे, समोर सर आहेत की मॅडम हा अंदाज करावाच लागत नाही.

डोंबिवलीचा उल्लेख मी मुद्दाम केला आहे. मुंबईत पत्ता पाहून रिक्रूटरच्या मनात लगेच प्रश्न येतो की ही रोज येणार का, की दोन महिन्यांत प्रवासाला कंटाळून सोडणार. विक्रोळीला तुमची स्लो गाडी थेट थांबते, त्यामुळे एका वाक्यात ती शंका मिटते. उद्या अंधेरी किंवा बोरिवलीसाठी अर्ज कराल तेव्हा हे वाक्य आणखी गरजेचं, आणि लिहिण्याआधी एकदा खरंच गर्दीच्या वेळी जाऊन या.

नोटीसबद्दल एक. नेमणूकपत्र काढून पाहा, त्यात किती दिवस लिहिले आहेत ते. लहान ऑफिसांत कधी नेमणूकपत्रच नसतं. तसं असेल तर शेठना सोडून जाताना काम दुसऱ्याच्या हातात द्यायला जितके दिवस लागतील तितके लिहा. लवकर बोलावतील म्हणून `Immediate` लिहू नका. ऑफर आल्यावर तीस दिवस मागितलेत, तर बरेचदा ती ऑफर तिथेच अडते.

पगाराचं मी लिहिलेलं नाही, कारण या जाहिरातीत विचारलेलं नाही. विचारलं असेल तेव्हा सध्याचा आणि अपेक्षित, दोन्ही वर्षाचे आकडे एका ओळीत सरळ लिहा. टाळलंत तर मेल बाजूला पडतो, कारण तिकडे एक्सेलच्या तक्त्यात तो रकाना भरायचा असतो आणि तुमच्यापुढे तो रिकामा राहतो.

आता जोडलेली फाइल. तुमच्या फाइलचं नाव होतं `resume new final (2).pdf`. ती डाउनलोड होऊन अशाच नावांच्या गर्दीत जाते. नाव असं ठेवा, तुमचं नाव-आडनाव घालून:

```
Firstname_Surname_Accounts_Executive.pdf
```

पीडीएफच पाठवा, कारण वर्डची फाइल दुसऱ्याच्या फोनवर उघडली की रकाने सरकतात. कागदावरच्या रिझ्युमेचा मोबाइलने फोटो काढून पाठवू नका. ड्राइव्हची लिंक तर अजिबात नको. ती उघडायला गेलं की बरेचदा परवानगी मागते, आणि तुमची परवानगी येईपर्यंत कोणी थांबत नाही. आधार, पॅन, पगाराच्या स्लिपा हे पहिल्या मेलमध्ये जोडायचं नाही, जाहिरातीत मागितलं तरी नाही. ही कागदपत्रं निवड झाल्यावर लागतात. आणि नोंदणी किंवा ट्रेनिंगच्या नावाने कोणी पैसे मागितले तर तिथेच थांबा, खरी कंपनी नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही.

तुम्ही पाठवलेल्या मेलमध्ये आणखी एक गोष्ट होती, ती सांगायला मला संकोच वाटतोय, पण सांगायलाच हवी. तो फॉरवर्ड केलेला होता. विषयाच्या सुरुवातीला `Fwd:` होतं आणि खाली सरकवल्यावर आधीच्या सहा कंपन्यांचे पत्ते दिसत होते. वाचणाऱ्याला कळतं की हाच मेल फिरतोय. प्रत्येक वेळी नवा मेल उघडा आणि मजकूर त्यात टाका. वीस जणांना एकदम बीसीसी करणंही तसंच. विषयात कोड आणि पद लिहायचं म्हटलं की ते आपोआपच बंद होईल, कारण प्रत्येकाचा विषय वेगळा असणार.

पाठवण्याआधी तो मेल स्वतःलाच पाठवा आणि घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर उघडा. विषय कुठे कापला जातो, फाइल उघडते का, खाली जुनं काही चिकटलंय का, सगळं दोन मिनिटांत कळतं. फाइल आधी जोडा, मजकूर नंतर लिहा, आणि समोरचा पत्ता सगळ्यात शेवटी भरा, म्हणजे अर्धवट मेल चुकून जाणारच नाही. जीमेलच्या सेटिंगमध्ये `Undo Send` तीस सेकंदांवर ठेवता येतं, तेही करून घ्या.

उत्तर नाही आलं तर आठवड्याने एकदाच विचारा. पाठवलेल्या त्याच मेलला `Reply` करा, म्हणजे विषय तोच राहतो आणि आधीचा मजकूर खालीच असतो. रिझ्युमेची फाइल मात्र पुन्हा जोडा, `Reply` मध्ये ती आपोआप जात नाही. लिहायचं एवढंच, की अमुक तारखेला या जागेसाठी अर्ज केला होता, निवड अजून चालू असेल तर बोलायला मला आवडेल. त्यानंतर फोन करत बसू नका.

आणि पुढचे दहा मेल असे गेले की त्यांच्यावर लक्ष ठेवा. एका वहीत तारीख, कंपनी, पद आणि काय झालं, एवढं लिहा. विम्यासारखे भलतेच फोन येत राहिले, तर समजा की विषय आणि पहिलं वाक्य अजून मोघम आहे. कामाचे फोन आले पण नोटीस किंवा पगार ऐकून थांबले, तर मेल आपलं काम करतोय, अडचण पुढे आहे. आणि काहीच आलं नाही, तर जाहिरातीत मागितलेलं आणि तुमच्या अनुभवात असलेलं शेजारी ठेवून बघा. पाच वर्षं मॅन्युफॅक्चरिंगचा अनुभव हवा असं लिहिलं असेल, तर कितीही नेटका मेल तिथे पुरणार नाही, आणि तो वेळ दुसऱ्या जाहिरातीला द्या.

विक्रोळीच्या जाहिरातीवर शेवटची तारीख या शुक्रवारची आहे. त्याआधी रिझ्युमेतली ती ३५० बिलांची ओळ दुसऱ्या पानावरून उचलून पहिल्या पानावर, सध्याच्या नोकरीखाली पहिलीच घ्या, म्हणजे मेल वाचून फाइल उघडणाऱ्याला तीच गोष्ट लगेच समोर दिसेल. मग पाठवा.